दोघांचाही एकच भाग कमी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवायचे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मी एक गोष्ट सांगेन आणि मग तिच्यातलं गणित उलगडेन. गोष्ट लहान आहे. ती मी रचलेली आहे आणि तिच्यातली दोन्ही मुलं माझ्या कल्पनेतली आहेत. तिच्यातल्या चुका मात्र रचलेल्या नाहीत. पाचवी-सहावीच्या कुठल्याही वर्गात जा, त्या चुका तुम्हाला भेटतील.

काळ २०२० च्या श्रावणाचा. मार्चपासून शाळांना कुलूप होतं. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाचा उपक्रम चालवला होता आणि गावोगावचे शिक्षक आपापल्या परीने व्हॉट्सॲपवर स्वाध्याय पाठवत होते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘असर’ची पाहणी फोनवरून झाली, तेव्हाही हेच दिसलं की मुलांपर्यंत अभ्यास पोचवण्याचं सर्वांत मोठं साधन व्हॉट्सॲप हेच होतं. गावातले गुरुजी फळ्यावर किंवा कागदावर प्रश्न लिहून त्याचा फोटो गटावर टाकत. मुलं ते वहीत उतरवून सोडवत आणि वहीच्या पानाचा फोटो परत पाठवत. मध्ये वर्ग नाही, फळा नाही, शेजारी बसलेला कुणी नाही.

गाव आपल्या जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं समजा, इटियाडोहाच्या कालव्याच्या बाजूचं. नाव ठेवलेलं नाही. रोवणा जोरात चाललेला. भोजू आणि रोशन, दोघेही जिल्हा परिषद शाळेत पाचवीला. भोजूच्या घरी फोन मोठ्या भावाचा, रोशनच्या घरी वडिलांचा. वडील चिखलणीला गेले की फोनही त्यांच्या खिशातून बांधीवर जायचा. त्यामुळे स्वाध्याय पाहायचा तो संध्याकाळी, आणि रेंज हवी तर तलावाच्या पाळीवर चढून.

त्या संध्याकाळी दोघे पाळीवर भेटले. फोटो पाठवायच्या आधी एकमेकांची उत्तरं पडताळून पाहायची, असं त्यांचं ठरलेलं. याला काही जण नक्कल म्हणतील. मी म्हणणार नाही, का ते पुढे कळेल. पहिले तीन प्रश्न जुळले. चौथा असा होता: चौकटीत <, > किंवा = यांपैकी योग्य चिन्ह लिहा, ३/४ ☐ ५/६.

रोशनच्या फोटोत < होतं. भोजूच्या फोटोत =.

“फोटो धुरकट हाये गा,” रोशन म्हणाला. भोजूच्या पानावर त्याच्याच हाताची सावली पडली होती. चित्र बोटांनी मोठं केलं तर कडा फुटल्या. बरोबरीच्या दोन रेघांपैकी एक जरा तिरपी होती. ते = आहे की घाईत काढलेलं <, फोटोवरून सांगता येईना. मग रोशनने सरळ विचारलं, “तुवा लिवला काय, ते तोंडानं सांग.”

“सारखे.”

इथे मी गोष्ट जरा थांबवतो, कारण त्या पोराने पहिलं पाऊल नेमकं बरोबर टाकलं. फोटोवरून उत्तरं जुळवताना दोन वेगळे वाद एकात एक मिसळतात. एक वाद कागदावर काय लिहिलंय याचा आणि दुसरा, जे लिहिलंय ते खरं आहे का याचा. अपूर्णांकाची आडवी रेघ फोटोत पुसट झाली की तीन छेद चारचे चौतीस होतात, आणि वहीच्या घडीवर आलेला अंक निम्मा गायब होतो. पहिला वाद आधी मिटवला नाही तर दुसरा सुरूच होत नाही. नुसतं “अरे, तू चुकीचं वाचलंस” यावर तासभर जातो. तो वाद मिटवायला फोटो आणखी मोठा करून उपयोग नाही. लिहिणाऱ्याने आपलं उत्तर तोंडाने म्हणून दाखवायचं, एवढंच पुरतं.

तर आता वाद खरा होता. भोजू म्हणतो सारखे, रोशन म्हणतो पहिला लहान. उत्तरसूची दोघांकडेही नाही. गुरुजींना फोन करायचा तर ते तपासतील दुसऱ्या दिवशी.

रोशन म्हणाला, “तीनपेक्षा पाच मोठा. चारपेक्षा सहा मोठा. वरचाही मोठा, खालचाही मोठा. मंग पाच छेद सहाच मोठा ना.”

भोजू म्हणाला, “तसं नाही गा. चारातले तीन घेतले, एक राह्यला. सहातले पाच घेतले, एकच राह्यला. दोघांचाही एकच भाग कमी. मंग सारखेच.”

इथे सभागृहातल्या शिक्षकांना मी एक विचारतो. या दोघांपैकी अपूर्णांक कुणाला अधिक कळले आहेत? उत्तर रोशनचं बरोबर आहे. ३/४ हा ५/६ पेक्षा लहानच आहे. त्याला पूर्ण गुण मिळतील, भोजूला शून्य. पण रोशनचं कारण पाहा. त्याला चार सुट्या संख्या दिसल्या, त्यांपैकी वरच्या वरच्यांशी आणि खालच्या खालच्यांशी त्याने ताडून पाहिल्या. ३/४ ही स्वतः एक संख्या आहे, हे त्याच्या मनात आलेलंच नाही. भोजूने निदान ‘पूर्णात किती कमी’ असं पाहिलं. त्याची नजर पूर्णावर होती. फक्त उरलेला एक भाग केवढा आहे, हे तो विसरला. म्हणजे चुकीच्या उत्तरामागे अधिक चांगला विचार आहे आणि बरोबर उत्तरामागे कच्चा. फोटोत हे काहीच दिसत नाही. फोटोत एक चिन्ह दिसतं.

या दोन्ही चुका जगभर ओळखीच्या आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डग क्लार्क आणि ॲन रोश या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी सहावीच्या मुलांना एकेकट्याने बसवून अपूर्णांकांच्या जोड्या दिल्या आणि प्रत्येक वेळी विचारलं, हे कसं ठरवलंस? वहीवर नुसती चिन्हं बघून जे कळलं नसतं ते त्यांना मुलांच्या तोंडून कळलं. दोन्हीकडे एकेकच भाग कमी, म्हणून दोन्ही सारखे, असं सांगणारी मुलं तिथेही होती. आपला भोजू एकटा नाही.

आता गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. भोजूने रोशनला ‘तू चूक आहेस’ असं म्हटलं नाही. तो म्हणाला, “बरं, तुहा नियम खरा समजू. मंग तीन छेद चार आणि पाच छेद दहा यात मोठा कोणता?”

रोशन तोंड उघडणार तेवढ्यात थबकला. त्याच्या नियमाने पाच छेद दहा मोठा. पाच तीनपेक्षा मोठा, दहा चारपेक्षा मोठा. पण दहातले पाच म्हणजे अर्धे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तीन छेद चार म्हणजे पाऊण, हेही ठाऊक होतं. पाऊण अर्ध्यापेक्षा मोठं, यात वाद घालायला दोघांनाही जागा नव्हती.

“म्हंजे माहा नियम गेला,” रोशन म्हणाला.

भोजू खूश झाला. “मंग माहाच बरोबर. सारखे.”

“थांब गा. तुह्यावाला नियम बी पाहू दे.” रोशनने थोडा वेळ घेतला. “एका बांधीचे दोन भाग केले, एकात रोवणा झाला. एक राह्यला. दुसऱ्या बांधीचे शंभर भाग केले, नव्याण्णवात झाला. एकच राह्यला. तुह्या हिशोबानं दोन्ही सारखे. आता तुह्या बाबाले जाऊन सांग, अर्धी बांधी रोवली काय आणि पूर्ण रोवत आली काय, सारखंच हाये म्हणून.”

भोजू हसला आणि गप्प झाला. दोघांचेही नियम पडले होते, आणि चौथ्या प्रश्नाची चौकट अजून तशीच होती.

इथे पुन्हा थांबतो, कारण वाद तर्काने मिटवणे म्हणजे काय ते याच ठिकाणी दिसतं. दोघांनीही एकमेकांचा नियम घेतला आणि तो अशा जोडीवर चालवून पाहिला की जिचं उत्तर दोघांनाही आधीपासूनच मान्य होतं. अर्धा आणि पाऊण. अर्धी बांधी आणि जवळपास पूर्ण बांधी. वादाची जोडी ३/४ आणि ५/६ ही होती. तिच्यावर कितीही वेळ भांडलं असतं तरी एक ‘सारखे’ म्हणत राहिला असता आणि दुसरा ‘मोठा’. वादातलं उदाहरण बाजूला ठेवून, वाद नसलेलं उदाहरण शोधून काढणं, ही या गोष्टीतली खरी अक्कल आहे. आणि ते उदाहरण टोकाचं असावं. रोशनने शंभर भाग घेतले, दहा घेतले नाहीत, हे उगीच नाही. भाग जितके जास्त घ्याल तितका उरलेला भाग बारीक होतो आणि नियमातली चूक तितकी उघडी पडते. १/२ आणि २/३ घेतले असते तर भोजू म्हणाला असता, हे तर सारखेच, मी तेच म्हणतोय.



दोन नियम पडले म्हणजे उत्तर मिळालं असं नव्हे. आता उभारायचं होतं. सुरुवात रोशनच्याच बांधीतून झाली. “एकच राह्यला हे खरं,” भोजू म्हणाला, “पण तो एक केवढा?” पडलेल्या नियमाचा एक खांब अजून उभा होता, तो त्याने सोडला नाही. चार भागांतला एक उरला आणि सहा भागांतला एक उरला. मग यातला मोठा कोणता? रोशन सवयीने म्हणाला, “सहावाला,” आणि लगेच त्याचं त्यालाच हसू आलं, कारण हा त्याचाच पडलेला नियम पुन्हा दाराशी आला होता. तीच बांधी सहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला येईल ती पट्टी चार जणांतल्या पट्टीपेक्षा अरुंदच असणार. म्हणजे सहामध्ये उरलेला तुकडा लहान. उरलेलं लहान, तर झालेलं जास्त. म्हणून ५/६ मोठा.

“पण आमची बांधी तुमच्यापेक्षा मोठी हाये,” भोजू म्हणाला. “आमची पाऊण बांधी तुमच्या पाच छेद सहापेक्षा जास्त भरन.”

मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो. तो खोडसाळ नाही, खरा आहे. दोन एकरांची पाऊण म्हणजे दीड एकर, आणि एका एकराचा ५/६ म्हणजे एका एकराच्याही आत. अपूर्णांक नेहमी ‘कशाचा?’ या प्रश्नाला बांधलेला असतो. कागदावर नुसता ३/४ आणि ५/६ लिहिलेला असतो तेव्हा गृहीत धरलेलं असतं की पूर्ण एकच आहे. हे गृहीत पुस्तकात शब्दांनी क्वचितच लिहिलेलं असतं, आणि म्हणून मुलं दोन वेगवेगळ्या मापांची चित्रं काढून त्यांवरून निष्कर्ष काढतात. एका गोलाचे चार तुकडे, दुसऱ्या जरा लहान गोलाचे सहा, आणि मग डोळ्यांना जे मोठं दिसेल ते खरं. आपल्या दोघांनी रीतसर ठरवलं की गुरुजींनी दोन बांध्या सांगितल्या नाहीत, म्हणून एकच बांधी धरायची.

मग रोशनने काडी घेतली आणि पाळीच्या ओल्या मातीवर एक लांबट बांधी काढली. आधी चार पट्ट्या पाडल्या. त्यावरच सहा पाडायला गेला तर रेघा एकमेकींत अडकल्या. ती पुसली. “दोघांनाही चालन असे पट्टे पाड,” भोजू म्हणाला. चारनेही भाग जातो आणि सहानेही जातो, असा पहिला आकडा बारा. बारा पट्टे पाडले. पाऊण म्हणजे नऊ पट्टे. पाच छेद सहा म्हणजे दहा पट्टे, कारण सहातला एकेक भाग दोन पट्ट्यांचा. नऊ आणि दहा. एका पट्ट्याचा फरक.

पुस्तकातली समच्छेद करण्याची रीत ती हीच, ९/१२ आणि १०/१२. फरक इतकाच की पुस्तकात ती आधी येते आणि या दोघांकडे ती शेवटी आली, जेव्हा तिची गरज काय ते त्यांना ठाऊक झालं होतं.

भोजूने वहीत = खोडरबराने पुसलं आणि < लिहिलं. रोशनने चिन्ह बदललं नाही, पण त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: उरलेला भाग सहात लहान. दोघांनी नवे फोटो काढले, या वेळी हाताची सावली न पडू देता, आणि पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही चौथ्या प्रश्नापुढे बरोबरची खूण आली. गोष्ट संपली.

आता थोडं गणित राहिलंय. ते सांगितल्याशिवाय गोष्टीचा उपयोग नाही.

पहिली गोष्ट, ‘उरलेला भाग पाहायचा’ ही रीत सगळीकडे चालत नाही. ती सहज चालते ती दोन्हीकडे उरलेल्या भागांची संख्या सारखी असेल तर. ३/४ आणि ५/६ मध्ये दोन्हीकडे एकेक उरला, म्हणून फक्त तुकड्याचा आकार पाहिला तरी भागलं. ५/७ आणि ९/११ मध्येही चालेल, कारण दोन्हीकडे दोन-दोन उरले. पण ३/५ आणि ५/८ घ्या. एकीकडे दोन पंचमांश उरले, दुसरीकडे तीन अष्टमांश. तुकडे लहान पण जास्त. आता नुसत्या नजरेने सांगता येत नाही. भोजू-रोशन इथे पुन्हा अडकतील, आणि अडकलेच पाहिजेत. मग दुसरी वाट आहे, अर्ध्यापासून मोजण्याची. ३/५ हा अर्ध्यापेक्षा एक दशांशाने जास्त आहे. ५/८ हा अर्ध्यापेक्षा एक अष्टमांशाने जास्त. एक अष्टमांश हा एक दशांशापेक्षा मोठा, म्हणून ५/८ मोठा. पडताळायचं असेल तर चाळीस पट्टे पाडा, २४ आणि २५ येतील. क्लार्क आणि रोश यांच्या पाहणीत ज्या मुलांना अशा जोड्या नीट सुटल्या ती बहुधा याच दोन वाटांनी जात होती, कधी उरलेला भाग पाहत, कधी अर्ध्यासारख्या ओळखीच्या खुणेपासून मोजत.

तिरकस गुणाकाराची रीत तुम्हा सर्वांना येते. तीन सक अठरा, पाच चोक वीस, अठरा लहान, झालं. ती रीत चूक नाही, वेगवान आहे. पण ते अठरा आणि वीस म्हणजे काय, असं विचारलं तर वर्गातली बहुतेक मुलं गप्प होतात. ते चोविसांश आहेत, एकाच बांधीचे चोवीस पट्टे केले तर त्यांतले अठरा आणि वीस. हे न सांगता रीत दिली तर ती विसरल्यावर मुलाच्या हाती काहीच उरत नाही. आणि ती विसरते हे मी सांगायला नको.

आपल्या आजोबा-पणजोबांकडे याहून वेगळी सोय होती. ते पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ म्हणायचे, आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असायच्या. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्या मापात पाऊण रुपया बारा आणे, आणि रुपयाचा पाच छेद सहा भाग तेरा आणे चार पै. बारा आण्यांपेक्षा तेरा आणे चार पै जास्त, हे बाजारात गेलेल्या कुठल्याही पोराला कळत होतं. ती रुपयाची रचनाच अशी होती की चार, सहा, आठ, बारा असे बरेच छेद तिच्यात निःशेष बसायचे. शंभर पैशांच्या रुपयात सहावा भाग बसत नाही. मी जुन्या आण्यांसाठी रडत नाही, दशमान पद्धतीने हिशेब सोपे केले. पण अपूर्णांक हाताळायची रोजची सवय तेव्हापासून घटली असावी, आणि ती सवय आता शाळेलाच लावावी लागते.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी, आणि ती मला आजच्या व्याख्यानात सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा तुम्हाला चाळीस फोटो तपासायचे आहेत आणि प्रश्न एकच आहे, ३/४ आणि ५/६. या प्रश्नाने भोजू पकडला जातो, रोशन सुटतो. आता प्रश्न बदला, ३/४ आणि ५/१० द्या. ‘वरचाही मोठा, खालचाही मोठा’ म्हणणारा रोशन इथे ५/१० मोठा म्हणून पकडला जाईल. पण भोजू? त्याच्या हिशोबाने एकीकडे एक कमी, दुसरीकडे पाच कमी, म्हणून ३/४ मोठा. उत्तर बरोबर! भोजू सुटला. म्हणजे प्रत्येक प्रश्न एका चुकीला पकडतो आणि दुसरीला मोकळं सोडतो. पाच छेद सहावर वर्गाने चांगले गुण मिळवले म्हणून वर्गाला अपूर्णांकांची तुलना येते, असं समजणं धोक्याचं आहे. आणि तिसरं मूलही असतं. त्याने कधीतरी ऐकलेलं असतं की छेद मोठा तर अपूर्णांक लहान, आणि ते हे वाक्य सगळीकडे लावतं. ते ३/४ आणि ५/१० मध्ये बरोबर येतं आणि ३/४ आणि ५/६ मध्ये चुकतं, पण चुकताना भोजूसारखं = लिहीत नाही, > लिहितं. म्हणून चूक आली एवढंच न पाहता कुठलं चिन्ह लिहून चुकलं, तेही पाहावं. = लिहिलं तर ‘एकच भाग कमी’ हा विचार असण्याची शक्यता मोठी, > लिहिलं तर छेदाचा नियम.

दोन्ही जोड्या एकाच स्वाध्यायात शेजारी दिल्या की ही तिन्ही मुलं वेगवेगळी दिसू लागतात. त्याला खर्च नाही, कागदही जास्त लागत नाही.

आणि फोटोबद्दल एक. आपण मुलांना सांगतो, खाडाखोड नको, पान स्वच्छ हवं, फोटो स्वच्छ हवा. फोटो उजेडात काढा, वही सपाट ठेवा, हे सांगायलाच हवं. पण भोजूच्या दुसऱ्या फोटोत < च्या खाली पुसलेल्या = ची खूण दिसत होती. त्या पानावर तपासणाऱ्याला उपयोगी पडेल अशी ती एकमेव गोष्ट होती. या मुलाने आधी काय मानलं होतं आणि मग मत बदललं, हे त्या खुणेतून कळतं. पान पुन्हा कोरं उतरवायला लावलं की ते जातं. माझा सल्ला असा की पुसूच नका, एक आडवी रेघ मारा आणि बाजूला नवं लिहा.

नकलेचा प्रश्न राहिला. या दोघांनी उत्तरं जुळवली म्हणून त्यांना नकलाखोर म्हणावं का? समजा त्या पाळीवर तिसरा एखादा हुशार म्हणून गाजलेला मुलगा आला असता आणि त्याने सांगितलं असतं, “< आहे, लिहून टाका.” दोघांनी लिहून टाकलं असतं, रोशनचा नियम तसाच राहिला असता आणि भोजूला आपण कुठे चुकलो ते कधीच कळलं नसतं. नक्कल ती झाली असती. त्यांच्याकडे उत्तरसूची नव्हती आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्यापेक्षा ‘हुशार’ मानला जात नव्हता, या दोन गोष्टींमुळे त्यांना कारण शोधावं लागलं. उत्तर जुळवायला हरकत नाही. जुळलं नाही तेव्हा काय केलं, ते पाहायचं. आणि खरं तर जुळलं तेव्हाही. पहिले तीन प्रश्न त्यांचे जुळले होते, म्हणून त्यांनी ते सोडून दिले. त्यांतल्या एखाद्यात दोघांनी एकाच चुकीच्या नियमाने एकच उत्तर काढलं असेल, तर ते त्या संध्याकाळी उघडकीला आलं नाही. वाद न झाल्याची ही किंमत असते.

पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून राज्यात बहुतेक ठिकाणी पुन्हा भरू लागले. फोन मात्र वर्गाबाहेर गेले नाहीत. आजही काही स्वाध्याय फोटोतून येतात आणि फोटोतूनच परत जातात, आणि मुलं संध्याकाळी ते एकमेकांना दाखवतात. ते थांबवता येणार नाही आणि थांबवूही नये.

म्हणून इथे बसलेल्या प्राथमिक शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या आठवड्यात अपूर्णांकांचा स्वाध्याय पाठवाल तेव्हा ३/४ आणि ५/६ च्या खालोखाल ३/४ आणि ५/१० द्या, प्रत्येक चौकटीखाली ‘कारण’ या शब्दापुढे एक ओळ कोरी सोडा, आणि उत्तरसूची गटावर दोन दिवस उशिरा टाका.